दादांना एकवीस प्रश्न, दादीला सहा

अमीरबीला राग यायला फार काही लागत नाही. चहात साखर कमी पडली तरी तिचा आवाज माडीवर जातो, आणि तिथं नीट परीक्षेच्या पुस्तकात डोकं घालून बसलेली परभणी-हिंगोलीची पोरं एकमेकांकडं बघून म्हणतात, "दादी सुरू झाल्या." पण तो राग दुधाच्या उतासारखा, आला तसा बसतो. त्या मंगळवारी आला तो तसला नव्हता. तो तीस वर्षं आत बसून होता आणि त्याला कुणी कधी 'ये, बस' म्हणालं नव्हतं.

घर लातूरचं, क्लासच्या गल्लीतलं. पूर्वी पुढच्या खोलीत अमीरबीचं बांगड्यांचं दुकान होतं. गल्लीत क्लास आले, मग होस्टेलं आली, मग भिंतीभिंतीवर टॉपर पोरांचे फोटो आले, आणि बांगड्या भरायला बसायची बाईमाणसं यायची बंद झाली. अमीरबीचा लेक हारिस व्यवहारी माणूस. त्यानं बांगड्यांची कपाटं काढून तिथं झेरॉक्सची दोन यंत्रं बसवली आणि वरच्या दोन खोल्या पोरांना भाड्यानं दिल्या. अमीरबीनं चार दिवस तोंड फिरवलं, पाचव्या दिवशी पोरांना विचारलं, "जेवला का रे?" अशी ती आहे.

हारिसची लेक इकरा नांदेडला पत्रकारिता शिकते. सप्टेंबरात ती आठ दिवसांची सुट्टी काढून आली ती एक तिपाई, एक कॉलरला लावायचा माइक आणि कॉलेजातल्या सरांच्या प्रश्नांवरून तयार केलेले चार कागद घेऊन. कारण झालं असं, की अमीरबीची थोरली बहीण, सगळ्यांची आपा, उन्हाळ्यात उदगीरला वारली. चाळिसाव्याला सगळे जमले तेव्हा कुणीतरी म्हणालं, आपाचा आवाज कुणाकडं असेल तर लावा. सगळ्यांनी फोन धुंडाळले. ऐंशी वर्षं बोललेल्या बाईचा आवाज सापडला तो अकरा सेकंदांचा. "गॅस संपलाय, सिलेंडर सांग." बस. पुढं काही नाही. त्या दिवशी इकरा रडली आणि तिनं ठरवलं, दादा-दादींचं तरी असं होऊ द्यायचं नाही. सगळं नीट विचारायचं, नीट चित्रित करायचं, आणि हैदराबाद, पुणे, जेद्दा इथं पांगलेल्या साऱ्या कुटुंबासाठी जपून ठेवायचं.

पोरगी कामाची होती, हे अमीरबीनंसुद्धा कबूल केलं असतं. हारिसनं खुर्ची खिडकीसमोर मांडली होती आणि मागं भिंतीवर दादांचा शाल-नारळाचा फोटो टांगला होता. इकरानं दोन्ही हलवलं. "अब्बा, खिडकी पाठीमागं आली की चेहरा काळा पडतो. उजेड समोरून नाहीतर बाजूनं पाहिजे. आणि मागची भिंत साधी असू दे, नाहीतर बघणारा फोटोच वाचत बसतो." फोन तिनं आडवा धरला, तिपाई दादांच्या डोळ्यांच्या उंचीला आणली, डोक्यावर थोडी जागा सोडली. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, फोन विमान मोडवर टाकला. स्वतः लेन्सच्या अगदी गालाशी बसली, म्हणजे बोलणारा तिच्याकडं बघून बोलेल आणि नजर इकडंतिकडं पळणार नाही. मग एक मिनिटाचं बोलणं घेऊन इअरफोन लावून ऐकलं. वेळही तिनं हेरून काढली होती, दुपारी दोन ते चार. तेव्हा सगळ्या बॅचा आत असतात आणि गल्लीत चिटपाखरू नसतं.

इतकं सगळं बरोबर केलं आणि मग एक घोटाळा केला. हारिस म्हणाला, "दोघांना एकदमच बसव की. जोडीनं चांगलं दिसतं." इकरानं ऐकलं.

अमीरबीचे घरधनी मोहियोद्दीन दादा मधोमध बसले. पांढरी टोपी, इस्त्रीचा कुर्ता, पंच्याहत्तरीतही ताठ. अमीरबीला हारिसनं कडेच्या स्टुलावर बसवलं आणि दादांच्या पाण्याचा पेला हातात दिला. फोनच्या काचेत काय दिसतं ते बघायला ती वाकली, तर दादा पुरते दिसत होते आणि तिचा एक खांदा आणि पेला धरलेला हात.

"इकरा, मी कुठाय गं यात?"

"आहात की दादी, इकडं कडेला."

"हाव, दिसला हात," अमीरबी म्हणाली आणि गप बसली. ते गप बसणं कुणी ओळखलं नाही.

इकरानं आधी तारीख सांगितली, गाव सांगितलं, खोलीत कोण कोण आहे ते सांगितलं. मग कागद काढला. दादा, तुमचं पूर्ण नाव सांगा, आणि ते कुणी ठेवलं? लहानपणच्या घरात शिरलं की डाव्या हाताला काय होतं? कोण कुठं झोपायचं? पहिली कमाई कशाची, तिचं काय केलं? निजामाच्या शेवटच्या दिवसांबद्दल तुमचे वडील काय सांगायचे, आणि काय सांगायचं टाळायचे? लातूर जिल्हा झाला तेव्हा गंजगोलाईच्या बाजारात काय बदललं? कोणता निर्णय चुकला असं वाटतं? प्रश्न चांगले होते, 'हो-नाही'त संपणारे नव्हते. दादा खुलले. गोष्टी सांगण्यात त्यांचा हात धरणारा गल्लीत कुणी नाही.

पंधरावा प्रश्न भूकंपाचा. "दादा, त्र्याण्णव सालच्या त्या दिवसांत तुम्ही कुठं होता?"

दादांनी टोपी सारखी केली. अमीरबीनं हातातला पेला दोन्ही हातांनी धरला.

"दुसऱ्याच दिवशी मी किल्लारीला गेलो, बेटा. भाकरीच्या ट्रकमधनं. पाऊस लागलेला. गावच उरलं नव्हतं, नुसता दगड आणि चिखल. बायकांची प्रेतं ओळखायला कुणी मागं राहिलं नव्हतं. घरंच्या घरं गेलेली. तलाठी बिचारा 'अनोळखी स्त्री, अनोळखी स्त्री' असं लिहीत सुटलेला. आपलं घर मन्याराचं. बांगड्या आपल्याच घरनं गेलेल्या. मी एकेकीचा हात बघितला आणि नाव सांगितलं. चाळीस बायका ओळखल्या मी. सगळ्यांच्या हातात हिरवा चुडा..."

हारिसनं डोळे पुसले. तो कोपऱ्यात उभा राहून स्वतःच्या फोनवर वेगळं चित्रण करत होता, आणि इकडं दादांचं बोलणं संपतंय न संपतंय तोच त्यानं ते तीन मिनिटं खानदानच्या ग्रुपवर टाकून दिलं. टणटण आवाज सुरू झाले. माशाअल्लाह. आमचे दादा. फरिश्ता माणूस.

"अब्बा, फोन बंद करा, रेकॉर्डिंगमधे येतंय," इकरा म्हणाली. मग दादांचे एकवीसच्या एकवीस प्रश्न पुरे झाल्यावर कागद उलटून तिनं गोड हसून विचारलं, "आता दादी. तुमच्यासाठी सहा आहेत. पहिला, तुमचा शीरखुर्मा इतका घट्ट कसा होतो?"

अमीरबीनं पेला खाली ठेवला नाही, आपटला. पाणी तिपाईच्या पायापर्यंत गेलं.

"एकवीस त्यांना आणि मला सहा? बघू तो कागद." तिनं हिसकावून घेतला. अमीरबीला चार यत्तांपुरतं मराठी वाचता येतं. "शीरखुर्मा. लग्नातला जोडा. अंगाईगाणी. घरगुती औषधं. सासरी कसं रहावं. सुनांना काय सांगाल." तिनं कागद गुडघ्यावर ठेवला. "बत्तीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन औसा, किल्लारी, सास्तूर पायानं तुडवलं मी. एसटीचे कंडक्टर मला मावशी म्हणत होते. ह्या घराची वीट न् वीट बांगडीतनं आलीय. आणि मला विचारून राहिली शीरखुर्मा! कुणी केली ही वाटणी? तुझ्या सरांनी?"

इकराचं तोंड उतरलं. "नाही दादी. सरांचे प्रश्न सगळ्यांना एकच होते. वाटणी मी केली."

"मग त्यांना विचारलेला पंधरावा विचार मला. विचार!"

"अम्मी," हारिस म्हणाला, "कॅमेरा चालू हाय."

"चालूच पाहिजे. हे गेलेच नव्हते किल्लारीला. मी गेले होते."

घरात ती बहुतेक दखनीत बोलते. पण बांगड्या भरताना जी भाषा तोंडात बसली ती मराठी, आणि राग खरा असला की तीच बाहेर येते. दादांनी तिच्याकडं बघितलं नाही. असरच्या नमाजाला अजून अवकाश होता, तरी ते उठले, वजू करतो म्हणाले आणि आत गेले. हारिसनं जाऊन चित्रण थांबवलं.

"काय हे, अम्मी! साठ माणसांनी बघितलं. किल्लारीच्या कामासाठी मंडळानं अब्बांना सत्कार करून शाल दिली, पेपरात नाव आलं. आता या वयात त्यांची इज्जत घालवता?"

"आणि माझी कुठं ठेवलीय ते तेवढं सांग," अमीरबी म्हणाली.

आता खरं ते सांगायचं, तर खोटं एकट्या दादांचं नव्हतं. बांगडी भरणाऱ्या बाईचा हात शकुनाचा. लेकीबाळी चुडा भरून झाला की वाकून तिच्या पाया पडतात; ती मुसलमान आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात नसतं. तिच्या तोंडून 'फुटली' हा शब्द जात नाही, बांगडी 'वाढली' म्हणते ती. असल्या हातानं प्रेतांचे हात उचलले, हे कळलं तर पुढं चुडा कोण भरणार? किल्लारीहून आल्यावर पंधरा दिवसांतच औशाच्या बाजारात एका बाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. नुसता पदराआड घेतला. अमीरबी घरी येऊन ओसरीवर बसली ती उठेना. तेव्हा सासूनं निकाल दिला, "उद्यापासनं सांगायचं, मोहियोद्दीन गेला होता. बाप्याला काय, बाप्याला काही चिकटत न्हाई." धंदा वाचला, पोरं शिकली. अमीरबीनं ओठ शिवले. सुरुवातीला दादा ते सांगताना चाचरायचे, तिच्याकडं बघायचे. नंतर बघेनासे झाले. बायकांचा आकडाही वाढत वाढत चाळिसावर गेला. सासू गेली, दुकान गेलं, हात मागं घेणारं कुणी उरलं नाही, आणि तरी ती गोष्ट दादांच्याच नावावर. हे कुणाला सांगायचं? तिनं सांगितलंच नाही. तिला वाटायचं, कधीतरी हा माणूस स्वतःहून म्हणेल. तीस वर्षं वाट बघितली. आणि आता तर ते खोटं सगळ्या खानदानासाठी कायमचं जपून ठेवायला निघाले होते!

दुसऱ्या दिवशी इकरा सकाळीच स्वयंपाकघरात आली. "दादी, माझं चुकलं. दोघांना एकत्र बसवायचंच नसतं. एक बोलतो, दुसरा नुसता मान हलवतो. आज फक्त तुम्ही. खोलीत दुसरं कुणी नको."

"आणि तुझा बाप?"

"अब्बांना झेरॉक्सच्या दुकानात बसवलंय."

"शीरखुर्मा?"

"तो कागद मी फाडला."

अमीरबीला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. म्हणाली, "साडी बदलून येते."

दोन वाजता ती मधोमध बसली. इकरानं आज चौकट थोडी मोठी घेतली, मांडीवरचे दोन्ही हात आत येतील अशी. माइक पदराखाली घासत होता, तो वर लावला. तारीख, गाव, नाव. "माझं नाव अमीरबी. बाप मन्यार, सासरा मन्यार." मग इकरानं पंधरावा प्रश्न विचारलाच नाही. तिच्या दुसऱ्या एका कागदावर सरांनी लिहून दिलेलं होतं, की मोठ्या प्रसंगावर थेट जाऊ नका, माणूस पाठ केलेलं बोलायला लागतो. वस्तू हातात द्या, वाट चालायला लावा, वास आणि आवाज विचारा. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतनं तिनं बांगड्यांच्या उरलेल्या माळा काढून ठेवल्या होत्या. एक माळ तिनं दादीच्या हातात दिली.

"दादी, किल्लारीचा बाजार आहे. भूकंपाच्या आधीचा. तुम्ही एसटीतनं उतरलात. कुठनं जाता, कोण भेटतं?"

अमीरबीनं माळ बोटांनी चाचपली. बघितलंसुद्धा नाही. "ही दोन-सहा मापाची हाय. ही पोरींना न्हाई व्हायची." आणि ती चालायला लागली. बसल्या जागी, पण चालायला लागली. पारापासनं वर चढ होता. डाव्या हाताला गिरणी, तिचा पट्टा सारखा फटफट करायचा. पुढं बसलिंगप्पाचा वाडा, दगडाच्या भिंती दोन-दोन हात रुंद. त्याची सून महानंदा, हाडापेरानं बारीक, दोन-चार, पण भरताना हात आखडायची, म्हणून तिला आधी हसवावं लागायचं. पलीकडं रामकिशन शिंप्याची बायको कलावती, तिला लालमधे एक पिवळी लागायचीच, का ते तिलाच ठाऊक. सटवाजीची आई सोजराबाई, भाकऱ्या थापून मनगट पुरुषासारखं, दोन-दहा, मुद्दाम सोलापुराहून मागवायला लागायची. इकरा मधे बोलली नाही. दादी थांबली की तीही थांबायची, मनातल्या मनात दहा मोजायची, आणि दहाच्या आत दादी पुन्हा सुरू व्हायची.

"गौरीला सगळ्या गावानं चुडा भरला. आठच दिवस झाले होते. हिरवा हिरवा काय म्हणतात हे! बायका काय एका रंगाच्या असतात व्हय? हे तिथं गेले असते तर दिसलं असतं." तिचा आवाज चढला. "भाकरीचा ट्रक होता, ते खरं. मी भाकरी वाटायला गेले होते. हारिस लहान, तापानं शुद्धीत नव्हता, म्हणून हे घरी थांबले. त्यात लाज कसली? पोराजवळ थांबले, चांगलं केलं. तिथं शाळेच्या पटांगणात बायकांना ओळीनं ठेवलेलं. तोंडं चिखलानं... तोंडावरनं कुणी ओळखलं नसतं. तलाठी म्हणाला, बाई, तुम्ही नातलग का? मी म्हणलं, न्हाई, मी बांगडीवाली. पुढं चालला तो. मी म्हणलं, थांब रं बाबा, ही अनोळखी न्हाई, ही कलावती हाय. लालात पिवळी बघ. पाण्यानं हात धुतला आणि दाखवला. मग थांबला तो. मग मी पुढं आणि तो माझ्या मागं वही घेऊन. चाळीस न्हाई. तेवीस. मी कशाला वाढवून सांगू? तेवीस काय थोड्या हायेत?"

दाराच्या चौकटीत दादा उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. इकराच्या ध्यानात आलं, तिनं हातानं खूण केली की आत येऊ नका. पण अमीरबीनंही बघितलं होतं.

"येऊ दे त्यांना. इथं बसवा माझ्या बाजूला. आता मी विचारते."

"दादी, सर म्हणतात की बोलणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर उलट विचारू—"

"तुझ्या सरांना म्हणावं, मी न्हाई उलटतपासणी घेत. एकच विचारते."

दादा येऊन बसले, स्टुलावर, कडेला. इकरानं तिपाई सरकवली नाही. ते चौकटीत निम्मेच आले.

"हारिसचे अब्बा," अमीरबी म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

गल्लीत एक रिक्षा गेली. इकराचा हात बटणाकडं गेला आणि तिनं तो मागं घेतला.

"घरी," दादा म्हणाले. "पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होतो." मग लेन्सकडं नाही, जमिनीकडं बघत म्हणाले, "सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं. तिनं कधी अडवलं न्हाई. मला वाटलं, तिला चालतंय."

"चालतंय!" अमीरबी म्हणाली. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. "तुमची अम्मी बोलली म्हणून गप बसले मी. धंद्यासाठी गप बसले. पोरांच्या फीसाठी गप बसले. दुकान बंद होऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हा कशाचं चालतंय? शाल घेताना एकदा तरी म्हणायचं होतं, माझ्या बायकोच्या अंगावर टाका. मी स्टेजपुढं खाली बसून टाळ्या वाजवल्या हो! ह्या हातांनी!"

दारात हारिस आला होता. झेरॉक्सला आलेली दोन पोरं त्याच्या मागं.

इकरानं हळूच, अगदी हळू विचारलं, "दादी, त्या तेवीसजणींची नावं सांगाल? नोंद राहील."

"सांगते की. त्यासाठीच तर बसलेय." अमीरबी सावरून बसली. पदर सारखा केला. माळ उजव्या हातात धरली आणि एकेक बांगडी पुढं सरकवत नावं घ्यायला लागली. नुसती नावं नाही. कुणाची कोण, मनगट केवढं, रंग कोणता. महानंदा, बसलिंगप्पाची सून. कलावती. सोजराबाई. गुरुपादप्पाच्या घरातल्या तिघी, नागरबाई, इरम्मा आणि बाळंतपणाला माहेरी आलेली शिवगंगा, तिच्या हाताला सूज होती म्हणून बांगडी सैल भरली होती. दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बारा झाल्या, सतरा झाल्या. अमीरबीचा राग आता वर नव्हता, आवाज सरळ चालला होता, ओळीतनं पुढं पुढं जावं तसा. एकवीस. चांगुणा, शाळेतल्या शिपायाची. बावीस.

तेविसावी बांगडी तिनं सरकवली आणि बोट थांबलं.

"ही लहान होती. दोन-दोन. नवीन लग्न झालेली. निळ्यात सोनेरी ठिपका, माझ्याकडनं हट्टानं घेतलेल्या, मला म्हणाली, मावशी, सासू रागवंल पण ह्याच द्या." अमीरबीनं डोळे मिटले. "डाव्या मनगटावर गोंदलेलं होतं. तलाठ्याला मी नाव सांगितलं. त्यानं लिहिलं. मी सांगितलं ते..."

इकरानं दहा मोजले. मग आणखी दहा.

"दादी, राहू दे. तहसीलच्या यादीत असेल, मी काढते."

"यादीत नाव असंल. पण कुठल्या हाताचं कुठलं, ते कुणी लिहिलंय तिथं?" अमीरबीनं डोळे उघडले. आत राग होता, पण आता त्याच्यापुढं काहीतरी दुसरंच उभं होतं. "दरवर्षी एकदा जरी कुणी विचारलं असतं, तर न्हाई गेलं असतं हे नाव. कुणी विचारायलाच न्हाई आलं माझ्याकडं. सगळे ह्यांच्याकडं गेले."

ती दादांकडं वळली. इकराची चौकट, माइक, सगळं विसरून पुरती वळली.

"किल्लारीहून आले त्या दिवशी न्हाणीत हात धूत धूत मी तुम्हाला सगळ्या तेवीसजणींची नावं सांगितली होती. तुम्ही पाणी घालत होता आणि रडत होता. मी फक्त तुम्हालाच सांगितली. तीस वर्षं तुम्ही गावभर सांगत हिंडला ना? मग आता सांगा. ही पोरगी कोण होती?"

मोहियोद्दीन दादांनी तोंड उघडलं. सवयीनं उघडलं, गोष्ट सांगायला उघडतात तसं. मग मिटलं. हिचंच काय, आज अमीरबीनं घेण्याआधी बाकीच्या बावीसजणींतलंही एकही नाव त्यांना आठवत नव्हतं.